डाउनची धुलाई: ऑक्टोबरच्या नोंदी

६ ऑक्टोबर

हिमाचलहून ग्रुपचं सामान परत आलं. काठ्या, तंबू, गेटर्स सगळं दोन दिवसांत जागेवर लागलं. उरलेल्या तीन गोष्टी मात्र माझ्याकडे आल्या. एक डाउन जॅकेट, त्याची कॉलर तेलकट काळी. एक निळी स्लीपिंग बॅग, स्वच्छ पण दमलेली, म्हणजे फुगवटा गेलेली. आणि एक लाल बॅग, आमच्या एका डोंबिवलीकर मेंबरची. त्याने ती ऑगस्टमध्ये घरीच धुतली होती. आता ती उघडली की कुबट वास येतो आणि आत जागोजागी गोळे झालेत. "टाकूनच देतो," म्हणत होता. म्हटलं थांब जरा, आधी बघू तरी.

डाउन म्हणजे बदक-हंसाच्या छातीवरची मऊ पिसं. साध्या पिसाला मधोमध दांडी असते, याला नसते. एका ठिपक्यापासून चहूकडे बारीक तंतू फुटलेले असतात आणि त्यांच्यामधली हवा ऊब धरून ठेवते. तंतूंवर अंगचं थोडं तेल असतं. कडक डिटर्जंटने ते निघून जातं, मग तंतू कोरडे पडून मोडायला लागतात. उलट बाजूने, आपल्या अंगाचं तेल, घाम आणि साबणाचे अवशेष साचले की तंतू एकमेकांना चिकटतात. दोन्हीकडून तोटा एकच, हवा कमी होते. म्हणूनच डाउन वर्षावर्षाला धुवायचं नाही. आणि ज्याची कॉलर अशी तेलकट झालीय, ते धुवायचं टाळायचंही नाही.

७ ऑक्टोबर

आजचा दिवस नुसत्या तपासणीचा. निळी बॅग सकाळभर गच्चीत सावलीत पसरली आणि दुपारी वजन केलं. काटा किचनचाच, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वजन १२६२ ग्रॅम. हा आकडा वहीत मोठा लिहून ठेवला, पुढे वाळवण्याचा सगळा खेळ त्याच्याशीच बांधलेला आहे. छातीपाशी बॅग जमिनीवर पसरून, मधल्या शिवणीजवळ पट्टी उभी धरून उंचीही मोजली: ९ सेंटीमीटर.

लाल बॅग संध्याकाळी ट्यूबलाइटसमोर धरली. नीट बॅगेत आतलं डाउन ढगासारखं सारखं दिसतं, इथे गडद डाग दिसत होते, त्यांच्यामध्ये नुसतं कापड. बोटांनी चाचपलं तर गोळे वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. एक बोटात धरून हळूच चिरडला. ओला नव्हता. मोकळाही होईना, फक्त चपटा झाला. ओलेपणाने झालेला गोळा चिरडला की सुटतो आणि पुन्हा फुगतो, हा नुसता चिकटलेला होता. म्हणजे वाळवण्यात काही राहिलं असेल तर असेल, पण बहुधा साबण आत राहिलाय.

एक कोपरा मगभर गरम पाण्यात बुडवून बोटांनी दाबला. काही मिनिटांत पाणी दुधाळ झालं आणि कडेला फेसाची रेघ आली. शंका उरली नाही. डोंबिवलीत फोन केला तेव्हा उलगडलं. बोअरचं पाणी, कपड्याची पावडर, त्यावर सुगंधी कंडिशनर, बाल्कनीतल्या दोरीवर आठवडाभर. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. साबणाशी जुळून त्याचा पांढरा साका बनतो आणि तो पिसांत घट्ट बसतो. कंडिशनरचा थर वेगळाच. तो सुती कपड्याला मऊ करत असेल, डाउनचे तंतू मात्र एकमेकांना चिकटवतो.

८ ऑक्टोबर

जॅकेट आधी. काम लहान, आणि पाण्याचा अंदाजही आला.

कॉलर आणि बाह्यांच्या कडा सोडल्या तर मळ फारसा नव्हता. जुन्या मऊ टूथब्रशवर कोमट पाण्यात मिसळलेला सौम्य लिक्विड साबण घेऊन कॉलर बाहेरून हळूहळू घासली. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तोच साबण. डाउनसाठी वेगळे लिक्विडही मिळतात, पण आपल्याला हवा तो फक्त सौम्य, एन्झाइम नसलेला आणि कमी फेस येणारा. पावडर अजिबात नको, ती पूर्ण विरघळत नाही आणि कप्प्यात जाऊन बसते. सगळ्या चेन लावल्या, खिसे तपासले (चॉकलेटचा कागद आणि दहाची नोट निघाली), मग बादलीतल्या तीसेक अंश कोमट पाण्यात बुडवलं आणि हातांनी दाबलं, नंतर पाच पाण्यांत खंगाळलं.

पिळायचं मोजकं, आणि तेही खऱ्या अर्थाने नाहीच: दोन तळव्यांमध्ये धरून दाबायचं. पिळा दिला की कप्प्यांच्या शिवणी आणि आतली पातळ जाळी फाटते, मग डाउन एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतं. नंतर फ्रंट लोड मशीनमध्ये फक्त स्पिन, ४००च्या वेगावर. आईने विचारलं, "मशीनमध्येच धुवायचं होतं ना मग?" फ्रंट लोडमध्ये धुताही येतं, तिथे कपडे नुसते वर जाऊन खाली पडतात. पण ज्या टॉप लोडमध्ये मधोमध खांब उभा असतो, तिथे बॅग त्याला गुंडाळली जाऊन ओढली जाते. तसल्या मशीनच्या वाटेला जायचंच नाही.

जॅकेट दुपारी दोरीवर. बाहीला धरून टांगलं नाही. दोरीच्या दोन ओळींवर आडवं टाकलं, म्हणजे पाण्याचं वजन एका शिवणीवर येत नाही.

९ ऑक्टोबर

जॅकेट संध्याकाळपर्यंत बाहेरून सुकलं. आत हात घातला तर कॉलरच्या मागे थंड लागलं. थंड लागणं म्हणजे आत पाणी अजून उडतंय. पंख्याखाली रात्रभर ठेवलं आणि सकाळी मोकळं होईपर्यंत झटकलं. वजन धुण्याआधीपेक्षा चार ग्रॅमनी कमी. मळाचं वजन म्हणून ठीक आहे.

एक सूचना वास्तविक आधीच लिहायला हवी होती: डाउन ओलं असताना येणारा वास हा काळजीचा वास नाही. ओल्या पक्ष्याचा, थोडासा ओल्या कुत्र्यासारखा. बदकाच्या डाउनला जरा जास्तच येतो. डाउन सुकलं की तो जातो. कुबट, बंद खोलीसारखा वास बुरशीचा, आणि जुन्या तेलासारखा खवट वास अंगाच्या तेलाचा. या तिघांत फरक केला नाही तर माणूस उगाच पुन्हा धुवायला घेतो, किंवा उलट, ओली बॅग "पक्ष्याचा वास आहे, जाईल" म्हणून घडी करून ठेवतो.

११ ऑक्टोबर

निळी बॅग. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी येतं तेवढ्या वेळात उरकायचं म्हणून सहाला उठले. टबात अंदाजे ३५ लिटर कोमट पाणी, त्यात लिक्विडचे दोन मोठे चमचे. जास्त घालण्यात शहाणपण नाही, जेवढा साबण घालाल तेवढा काढायचाही असतो.

कोरडी बॅग पाण्यात टाकली की ती बुडतच नाही. बाहेरचं कापड पाणी झटकतं आणि आतली हवा तिला वर ठेवते, माणूस हातपाय मारून दाबत बसतो. त्यावर जुनी युक्ती आहे: बॅग उलटी करून, म्हणजे आतलं कापड बाहेर घेऊन, तिच्या छोट्या पिशवीत ठासून भरायची. ती पिशवी पाण्याखाली धरून तोंड उघडायचं. दाबलेली बॅग फुगत जाते तशी हवेऐवजी पाणीच आत ओढून घेते. पाच मिनिटांत अख्खी भिजली.

मग पाऊण तास भिजू दिली आणि पायाच्या टोकाकडून डोक्याकडे दोन्ही तळव्यांनी दाबत गेले, रगडणं नाही. हूडपाशी आणि छातीपाशी जरा जास्त वेळ. पाणी चहासारखं झालं. खरं तर चारपाच वर्षांच्या घामाच्या मानाने फारच कमी.

खंगाळण्याला वेळ गेला. दर वेळी टब रिकामा करून ताजं पाणी, दाबणं, पुन्हा रिकामा. आठव्या पाण्याला फेस उरला नाही तरी आणखी एक पाणी केलं. शेवटच्या पाण्यातलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन हलवलं. वर बुडबुड्यांची रेघ टिकत नाही ना, एवढंच बघायचं.

भिजलेली बॅग उचलणं हा स्वतंत्र विषय आहे. आतल्या डाउनने स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरलेलं असतं. टोकाला धरून उचलली तर ते सगळं पाणी खालच्या कप्प्यांवर येतं आणि जाळी टरकते. म्हणून तिच्याखाली दोन्ही हात घालून, बाळाला टबातून काढतात तशी, लोळ्यासकट उचलून जाळीच्या टोपलीत ठेवली. अर्धा तास पाणी निथळलं. काट्यावर ४.१ किलो. मग हलक्या वेगावर तीन वेळा स्पिन, दर वेळी बॅग बाहेर काढून पुन्हा पसरून घातली, नाहीतर ड्रम एका बाजूला जड होऊन मशीन थरथरतं. स्पिननंतर २२१० ग्रॅम. म्हणजे बॅगेत अजून जवळपास एक लिटर पाणी आहे. आता खरी परीक्षा.

१२ ऑक्टोबर

पुण्याच्या ऑक्टोबरात डाउन वाळतं, पण आपोआप वाळत नाही. गच्चीत नवारीची खाट, तिच्यावर सुती चादर, चादरीवर बॅग, वरून आणखी एक पातळ चादर. कडक उन्हात थेट नको, अतिनील किरणांनी नायलॉनचं कापड हळूहळू कमकुवत होतं. हवा खालूनही लागावी म्हणून खाटच हवी. जमिनीवर टाकलेली बॅग खालच्या बाजूने ओलीच राहते.

बाकी काम हाताचं. दर अर्ध्या तासाने उलटवायची आणि गोळे शोधायचे. सकाळी प्रत्येक कप्प्यात दोनतीन ओले गोळे होते, ओल्या चपातीच्या तुकड्याइतके. बोटांनी हळूच ओढून सुटे करायचे, चिमटीत घेऊन कुस्करायचे नाहीत. गोळा सुटला की त्याच्या मधलं पाणी उघडं पडतं. नाहीतर बाहेरचं सुकून कवच होतं आणि गाभा ओला राहतो, वासाचं मूळ तिथेच असतं. ओलं डाउन दोनतीन दिवस कोमट जागी पडलं की जीवाणू आणि बुरशी दोघांनाही फावतं.

शेजारचे काका गच्चीत आले, पाहून म्हणाले, "अगं, ड्रायक्लीनला द्यायची. कशाला एवढा खटाटोप?" नको काका. ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट डाउनचं तेलही काढून नेतं, वर सॉल्व्हंटचा वास महिनोन्महिने बॅगेत.

संध्याकाळी साडेपाचला बॅग घरात, कारण सूर्य कलला की दव आणि ओल पुन्हा चढते. वजन १५८० ग्रॅम. रात्री खोलीचं दार बंद करून एसी ड्राय मोडवर आणि टेबलफॅन. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर सकाळी ४५ टक्के दाखवत होता, गच्चीत त्याच वेळी ७८. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हाच एक मार्ग आहे, बाहेरची हवाच इतकी ओली असते की दोरीवर बॅग सुकण्याऐवजी ओलीच राहते.

१३ ऑक्टोबर

सकाळी १३९०. दुपारी १३१०. संध्याकाळी १२७५. बाहेरून हाताला पूर्ण कोरडी. इथेच बहुतेक जण थांबतात.

१४ ऑक्टोबर

सकाळी १२५१, दुपारी १२४३, संध्याकाळी १२४२. दोन मोजण्यांत फरक पडेनासा झाला की बॅग सुकली असं धरायचं. धुण्याआधीपेक्षा २० ग्रॅम कमी. काल हाताने "कोरडी" वाटलेल्या बॅगेत अजून ३० ग्रॅमच्या वर पाणी होतं.

रात्री बॅग मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली. सकाळी पिशवीच्या आतल्या बाजूला धुकं नाही, वासही फक्त कापडाचा. उंची छातीपाशी १४ सेंटीमीटर. धुण्याआधी ९ होती.

पाऊस झाला की वजन पुन्हा चढतं, हेही लिहून ठेवते म्हणजे कुणी घाबरू नये. डाउन हवेतली ओल शोषतं. ढगाळ दिवशी पंधरावीस ग्रॅम जास्त भरलं तर बॅग खराब झाली असं नाही. म्हणून वजनाशेजारी त्या दिवसाची आर्द्रताही लिहायची.

१६ ऑक्टोबर

लाल बॅग. आधी साबण नकोच, नुसतं पाणी. कोमट पाण्यात बुडवली आणि पहिल्याच दाबाला टबात फेस झाला. न घालता. डोंबिवलीकराला फोटो पाठवला, उत्तरात नुसते हात जोडलेले.

फेस जाईपर्यंत अनेक पाणी बदललं, मध्ये अर्धा तास भिजू दिलं कारण साका पटकन सुटत नाही. मग थोड्या लिक्विडने एकदा धुतली, अंगाचं तेल काढायला तेही लागतं, आणि पुन्हा खंगाळलं. हूडच्या आत काळे ठिपके होते, बुरशीचे. सौम्य साबणाने घासून वास कमी झाला, पण डाग तसेच. ब्लीच नको म्हटलं तर नको. क्लोरीनचं ब्लीच लोकर आणि पिसांतलं प्रथिन खाऊन टाकतं, डागाबरोबर डाउनही जाईल.

१७ ऑक्टोबर

ही बॅग हाताने सोडवायला गोळे फार, शिवाय आकाशात ढग. सेल्फ-सर्व्हिस लाँड्रीत गेले, तिथे मोठा ड्रायर आहे. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "ताई, हाय लावा, अर्ध्या तासात होईल." बाहेरचं कापड नायलॉन, गरम ड्रमला चिकटून वितळलं तर परत येत नाही. लो ठेवलं, आणि आधी ड्रममध्ये हात फिरवून पाहिलं. आधीच्या माणसाच्या सुगंधी कागदाचा तुकडा चिकटलेला होता, तो काढला.

बॅगेबरोबर तीन स्वच्छ टेनिस बॉल. त्यांच्या माराने गोळे सुटतात. नव्या बॉलचा रंग उतरू शकतो म्हणून ते आधी घरी धुऊन आणलेले. बॅग ड्रममध्ये सैल हवी, नाहीतर बॉल तिथेच अडकून बसतात. पंचवीस मिनिटांनी काढून गोळे बोटांनी सोडवले, उलटी-सुलटी केली, पुन्हा आत. असं करत साडेतीन तास. शेवटचा तास तर हाताला सगळं सुकलेलंच वाटत होतं, तरी थांबवलं नाही, कारण काटा अजून खाली येत होता. घरी आणून पुन्हा वजन, सकाळी पुन्हा. १०७२, १०७०. लेबलवर १०५०.

१९ ऑक्टोबर

प्लास्टिकची परीक्षा पास, फक्त हूडपाशी नाक अगदी लावलं तर किंचित वास, ठिपक्यांचाच. गोळे गेलेत, मात्र पूर्ण नाही. पायाच्या दोन कप्प्यांत डाउन एका बाजूला गोळा झालंय आणि परत पसरत नाही. शिवणीजवळून एक तुकडा ओढून भिंगाखाली पाहिला. चांगल्या बॅगेतल्या तुकड्याचे तंतू चहूकडे उभे असतात. याचे निम्मे मोडलेले, भुग्यासारखे. मोडलेला तंतू धुऊन परत येत नाही, तिथे नवं डाउन भरावं लागेल. बॅग हलकी थंडी सोसेल, उणे तापमानाला न्यायची नाही. मेंबरला तेच सांगितलं.

उंची १०.५ सेंटीमीटर. त्याने विचारलं, "आता पुन्हा पावसाळ्यात ठेवायची कशी?" छोट्या पिशवीत ठासून तर नाहीच. जुन्या गादीची सुती खोळ, त्यात सैल, कपाटात वरच्या खणात. सोबत सिलिका जेलची पुडी चालेल, डांबरगोळी नको, तिचा वास डाउनमधून निघत नाही. पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीत मधूनमधून बाहेर काढून झटकायची.

२० ऑक्टोबर

ग्रुपच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक डाउनच्या वस्तूपुढे तीन रकाने वाढवले: कोरडं वजन, त्या दिवसाची आर्द्रता, छातीपाशी उंची. बॅग परत करताना हेच मोजायचं, नुसतं "कोरडी आहे" चालणार नाही. निळी बॅग १२४२ ग्रॅम, १४ सेंटीमीटर. लाल १०७०, १०.५. जॅकेटची चेन अडकतेय, ती दिवाळीनंतर.